शिकणाऱ्याचा मराठी रिव्ह्यू कसा दुरुस्त करावा: मूळ मजकूर, दुरुस्ती आणि टिपा

मालवण-कुडाळ पट्ट्यात बदली होऊन आलेले बँकेचे, पोस्टाचे, दवाखान्यातले अनेक लोक दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी मराठी बोलायला लागतात. लिहिताना मात्र अडखळतात. मग कुणीतरी शेजारी किंवा सहकारी त्यांचं लिखाण तपासून देतो, आणि नेमकं तिथेच गणित बिघडतं. आपण तपासत नाही, आपण नव्यानं लिहून देतो. समोरचा 'थँक्यू' म्हणतो, मजकूर उतरवून घेतो आणि पुढच्या वेळी त्याच चुका करतो. आठ-दहा वर्षं मोठ्या माणसांना मराठी शिकवताना मीही सुरुवातीला हेच करत होते, म्हणून ही पद्धत क्रमानं लिहिते आहे.

नमुन्यासाठी एक खरा मजकूर घेतला आहे. लिहिणाऱ्या बाई उत्तर प्रदेशातून बदलीवर आलेल्या, घरची भाषा हिंदी, कोकणात येऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या नारळ खवणीचा रिव्ह्यू लिहिला. खाली रबराचं बूड, बाजूची कळ दाबली की ओट्याला घट्ट बसते आणि हँडल फिरवून खोबरं पाडायचं, अशी ती खवणी. वस्तूचा रिव्ह्यू हा सरावासाठी फार चांगला प्रकार आहे, कारण 'मी मागवलं, मी वापरलं, मी धुतलं' असा भूतकाळ त्यात टाळताच येत नाही, आणि हिंदी भाषकाची खरी परीक्षा तिथेच असते.

## टप्पा १: मूळ मजकूर जसाच्या तसा बाजूला ठेवा

वहीत लिहिलेला असेल तर त्याचा फोटो काढा, टाइप केलेला असेल तर वेगळी प्रत ठेवा. मूळ प्रतीवर एकही खूण करायची नाही. वाक्यांना क्रमांक द्या, म्हणजे पुढे टिपा लिहिताना 'ते मघाचं वाक्य' असं म्हणावं लागत नाही. टाइप करताना तुमच्या फोनचा कीबोर्ड शब्द आपोआप बदलत असेल तर ती सोय बंद करा. ती अर्ध्या चुका गुपचूप पुसून टाकते, आणि मग तपासायला उरतं ते कीबोर्डचं मराठी.

मूळ मजकूर असा होता:

(१) मी हा नारळ खवणी मागच्या महिन्यामध्ये मागवली.
(२) पार्सल चार दिवसमध्ये आला आणि पॅकिंग चांगली होती.
(३) बॉक्समध्ये दुसऱ्या ब्लेडची जागा खाली होती, म्हणून मी शिकायत केली, अजून उत्तर नाही आला.
(४) मी आतापर्यंत वीस नारळ खवली.
(५) खोबरा एकदम बारीक पडता आणि बोट कापत नाही, विळीवर मला भीती लागत होती.
(६) पण आमचा ओटा जुन्या कडप्प्याचा आहे, तिच्यावर खवणी टिकत नाही, हँडल फिरवला की सरकते.
(७) मी रबरला पाणी लावली, तर थोडा वेळ रुकली, मग परत सुटली.
(८) शेजारीणच्या घरात ग्रॅनाईटवर छान बसली.
(९) पावसाळ्यात ब्लेडवर जंग आली, म्हणून धुवून पुसून ठेवा.
(१०) आपला ओटा गुळगुळीत असेल तर घ्या, नाहीतर नका घ्या.
(११) किंमतच्या हिसाबने ठीक आहे, मी तीन स्टार देते.

## टप्पा २: पेन खाली ठेवून वाचा, आणि अर्थ विचारून घ्या

पहिल्या वाचनात फक्त एक गोष्ट बघायची: तिला काय सांगायचं आहे ते आपल्याला कळलं का? 'कळलं असेल' असं वाटणाऱ्या जागा फसव्या असतात.

तिसऱ्या वाक्यात मी अशीच फसले. 'दुसऱ्या ब्लेडची जागा खाली होती' हे मी सरळ वाचलं, म्हणजे जादा ब्लेड खोक्याच्या तळाशी होतं. मग तक्रार कशाची, हे कळेना. विचारल्यावर बाईंनी फोनमधला फोटो दाखवला. थर्माकोलमध्ये ब्लेडच्या आकाराचा खळगा होता आणि त्यात काहीच नव्हतं. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा. मराठी वाचणाऱ्यानं त्या वाक्याचा अर्थ बरोबर उलटा घेतला असता: ब्लेड मिळालं.

नवव्या वाक्यातली 'जंग'ही त्यातलीच. हिंदीत लोखंडाला लागतो तो जंग, मराठीत गंज. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. मराठीत जंग म्हणजे लढाई, आणि ब्लेडवर लढाई आली असं वाचून माणूस क्षणभर थांबतो.

प्रश्न विचारताना मराठीतच विचारा, आणि उत्तर सुचवू नका. 'तुम्हाला रिकामी म्हणायचं आहे का?' असं विचारलंत तर ती मान डोलावणार, चूक असो वा नसो. 'ब्लेड होतं की नव्हतं?' असं विचारा.

तपासा: मजकूर बाजूला ठेवून तिचं म्हणणं तुम्हाला तोंडी सांगता येतं का? खवणी का घेतली, कुठे चालली, कुठे नाही, किती स्टार? नसेल येत तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: चुका मोजू नका, गटांत टाका

या मजकुरात मला एकवीस जागा बदलाव्या लागल्या. एकवीस लाल खुणांचं पान हातात दिलं तर कुणालाही वाटेल की आपल्याला मराठी येतच नाही. खरं म्हणजे या एकवीस जागांमागे कारणं मोजून सात-आठ आहेत. ती शोधणं हेच तपासणाऱ्याचं काम.

सहा जागा लिंगाच्या आहेत: 'हा खवणी', 'पार्सल आला', 'पॅकिंग चांगली होती', 'उत्तर नाही आला', 'तिच्यावर' (ओट्यावर), 'हँडल फिरवला'. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे पार्सल, पॅकिंग, उत्तर, हँडल यांना ती पुल्लिंगात नाहीतर स्त्रीलिंगात ढकलते. उरलेल्या दोन जागांचं कारण वेगळं आहे. हिंदीत 'यह' आणि 'उस पर' यांत लिंग दिसतच नाही. हा-ही-हे, त्याच्यावर-तिच्यावर अशी निवड करण्याची सवयच तिला नाही, म्हणून ती अंदाजानं लिहिते.

तीन जागा सामान्यरूपाच्या: 'दिवसमध्ये', 'शेजारीणच्या', 'किंमतच्या'. चार जागी शब्द हिंदीतून आले आहेत, पण अर्थ कळतो: 'शिकायत', 'भीती लागत', 'रुकली', 'हिसाबने'. दोन जागी अर्थच फिरतो, त्या वर पाहिल्या. एक 'आपला', एक 'नका घ्या'.

'खवली' आणि 'लावली' या दोन जागा मात्र नीट बघा, कारण बहुतेक जण त्या लिंगाच्या गटात टाकून मोकळे होतात. 'पाणी लावली' यात तिला पाणी स्त्रीलिंगी वाटलं असं नाही. हिंदीत 'पानी' पुल्लिंगी आहे, ती हिंदीवरून गेली असती तर 'लावला' लिहिलं असतं. तिनं क्रियापद स्वतःशी जुळवलं: मी बाई, म्हणून लावली. हिंदीत 'मैंने' मधला 'ने' बजावून सांगतो की आता क्रियापद कर्माकडे बघणार. मराठीत 'त्याने', 'तिने' असं होतं, पण 'मी' तसाच राहतो. खूणच गायब, त्यामुळे ती 'मी गेले', 'मी आले' या साच्यात 'मी पाणी लावली' बसवते.

हे कशावरून? पहिल्या वाक्यात तिनं 'हा खवणी' लिहिलं, म्हणजे तिथे खवणीचं लिंग तिनं बघितलंच नाही, तरी पुढे 'मागवली' बरोबर आलं! ते खवणीशी नाही, तिच्याशी जुळलं आहे. आणि सहाव्या वाक्यात जिथे 'मी' नाही, तिथे 'हँडल फिरवला' असं कर्माशीच जुळवलं, फक्त हँडलचं लिंग चुकलं. चुकीच्या वाटेनं बरोबर जागी आलेला शब्द सापडला की समजा, तुम्हाला चुकीचं मूळ सापडलं.

शेवटचा गट चुकांचा नाहीच. 'खोबरा बारीक पडता' हे तिनं शेजारणीकडून उचललं. मालवणीत 'खोबरं'सारखं नपुंसकलिंगी नाम असंच आकारान्त होतं आणि 'पडता' हे मालवणीचं अगदी शुद्ध रूप आहे. त्यावर लाल रेघ मारणं म्हणजे तिच्या शेजारणीला अडाणी ठरवणं. तिनं ते कानानं टिपलं, याचा मला तर आनंदच झाला. फक्त रिव्ह्यू नागपूरचा माणूसही वाचणार, म्हणून तिथे प्रमाण रूप घ्यायचं.

सावध: एखादी गोष्ट तुम्हाला 'कशीशीच' वाटते पण नियम सांगता येत नाही, ती चूक म्हणून मोजू नका. 'महिन्यामध्ये'च्या जागी मी 'महिन्यात' लिहिलं असतं, 'रबरला'च्या जागी 'रबराला'. तिचंही चालतं, लोक तसं बोलतात, म्हणून हात लावला नाही.

## टप्पा ४: दुरुस्त मजकूर लिहा, कमीत कमी हात लावून

नियम एकच: जो शब्द बदलल्याशिवाय वाक्य बरोबर होत नाही तेवढाच बदला. वाक्यांचा क्रम, लांबी, स्वल्पविराम टाकून जोडत जाण्याची तिची ढब, सगळं तसंच राहू द्या. शब्दही तिच्या आवाक्यातला घ्या.

(१) मी ही नारळ खवणी मागच्या महिन्यामध्ये मागवली.
(२) पार्सल चार दिवसांमध्ये आलं आणि पॅकिंग चांगलं होतं.
(३) बॉक्समध्ये दुसऱ्या ब्लेडची जागा रिकामी होती, म्हणून मी तक्रार केली, अजून उत्तर आलं नाही.
(४) मी आतापर्यंत वीस नारळ खवले.
(५) खोबरं एकदम बारीक पडतं आणि बोट कापत नाही, विळीवर मला भीती वाटत होती.
(६) पण आमचा ओटा जुन्या कडप्प्याचा आहे, त्याच्यावर खवणी टिकत नाही, हँडल फिरवलं की सरकते.
(७) मी रबरला पाणी लावलं, तर थोडा वेळ थांबली, मग परत सुटली.
(८) शेजारणीच्या घरात ग्रॅनाईटवर छान बसली.
(९) पावसाळ्यात ब्लेडवर गंज आला, म्हणून धुवून पुसून ठेवा.
(१०) तुमचा ओटा गुळगुळीत असेल तर घ्या, नाहीतर घेऊ नका.
(११) किमतीच्या मानाने ठीक आहे, मी तीन स्टार देते.

सातव्या वाक्याशी बहुतेक तपासणारे काय करतात ते सांगते. 'रबरास पाणी लावले असता खवणी काही काळ स्थिर राहते, परंतु नंतर निसटते.' वाक्य निर्दोष आहे, पण ते बाईंचं नाही. तिला 'असता' येत नाही, 'परंतु' ती बोलत नाही, आणि तिनं केलेला प्रयोग ('मी पाणी लावलं') त्यातून नाहीसा झाला. रिव्ह्यू वाचणाऱ्याला तोच प्रयोग हवा असतो.

आशयालाही हात लावू नका. जुना कडप्पा खडबडीत झालेला असतो, रबराखाली बारीक फटींतून हवा शिरते आणि पकड सुटते, हे मला माहीत आहे. पण ते तिनं लिहिलेलं नाही, म्हणून मी घातलं नाही. तीन स्टारचे चार करायचे नाहीत, 'ठीक आहे'चं 'उत्तम आहे' करायचं नाही.

लेखनाची एक बाब सुरुवातीलाच ठरवून टाका: 'आलं, पडतं' की 'आले, पडते'? दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच. ती जसं बोलते तसं, म्हणजे अनुस्वाराचं रूप, मी ठेवलं. त्याचा आणखी एक फायदा आहे. 'खवले' हे अनेकवचन आणि 'आलं' हे नपुंसकलिंगी एकवचन तिला डोळ्यांनी वेगळं दिसतं. 'आले' आणि 'खवले' शेजारी आले असते तर ती गोंधळली असती.

तपासा: दुरुस्त मजकूर तिला मोठ्यानं वाचायला द्या. जिथे ती अडखळेल किंवा 'याचा अर्थ काय?' विचारेल, तिथे तुम्ही जास्त बदललं आहे. मागे या.

## टप्पा ५: टिपा लिहा, पण चारच

एकवीस बदलांवर एकवीस टिपा लिहिल्या तर एकही वाचली जात नाही. ज्या चुकीमागे नियम आहे, जी पुन्हा पुन्हा येणार आहे, किंवा जिच्यामुळे अर्थ उलटतो, तिच्यावर लिहा. बाकीचं नुसतं बदलून सोडून द्या. मी दिलेल्या टिपा अशा होत्या.

टीप १, वाक्य ४ आणि ७. 'मी' बदलत नाही, म्हणून फसगत होते. तुम्ही काही 'केलं' असेल (लावलं, खवलं, मागवलं, धुतलं) तर क्रियापद त्या वस्तूकडे बघतं, तुमच्याकडे नाही. हिंदीत 'मैंने' येईल का, हे मनात विचारा. येत असेल तर बहुतेक वेळा वस्तू बघा: मी पाणी लावलं, मी नारळ खवले, मी खवणी धुतली, मी ओटा पुसला. 'मैं' येत असेल तर स्वतःकडे बघा: मी आले, मी बसले. वाक्य १ मधलं 'मागवली' बरोबर आहे, पण खवणीमुळे. हाच रिव्ह्यू तुमच्या मिस्टरांनी लिहिला असता तरी 'मी खवणी मागवली' असंच झालं असतं.

टीप २, वाक्य २, ८, ११. शब्दाला मध्ये, च्या, ला, वर जोडण्याआधी शब्द थोडा वाकतो. दिवस – दिवसांमध्ये, शेजारीण – शेजारणीच्या, किंमत – किमतीच्या (अनुस्वारही जातो). 'महिन्यामध्ये', 'पावसाळ्यात' आणि 'कडप्प्याचा' तुम्ही बरोबर लिहिलंत. म्हणजे 'आ'नं संपणारे शब्द तुम्हाला येतात, व्यंजनासारखे संपणारे अजून सुटतात. त्यांचीच यादी करा.

टीप ३, वाक्य १०. 'आपला ओटा' म्हणजे मराठीत तुमचा-माझा मिळून एक ओटा, किंवा फारच अदबीनं बोलणं. हिंदीतल्या 'आप'ला रोजचा मराठी शब्द 'तुम्ही'. आणि नको म्हणताना क्रियापद आधी: घेऊ नका, लावू नका, विसरू नका.

टीप ४, वाक्य ३ आणि ९. दिसायला ओळखीचे, अर्थानं परके: खाली म्हणजे नीचे, रिकामं म्हणजे खाली. जंग म्हणजे लढाई, लोखंडाला लागतो तो गंज. अशांमध्ये आणखी एक लिहून ठेवा, उपयोगी पडेल: शिक्षा म्हणजे सजा, शाळेतलं ते शिक्षण.

'खोबरा पडता'बद्दल टिपेत नाही, समोरासमोर बोलले. 'घरी असंच म्हणा, लिहिताना खोबरं पडतं,' एवढंच.

लिंगाच्या सहा चुकांवर टीप का नाही? कारण तिथे नियम सांगण्यासारखा फार काही नाही. पार्सल नपुंसकलिंगी का, याचं उत्तर तिच्या कामाचं नाही. त्यासाठी नाम कधीच एकटं लिहू नये, 'ते पार्सल, तो ओटा, ही खवणी' असं सोबतीनं लिहायला सांगितलं.

सावध: टिपेत 'कर्मणी प्रयोग', 'भावे प्रयोग' हे शब्द आणू नका, समोरचा मराठी व्याकरण शाळेत शिकलेला नसेल तर. नियम तिच्या भाषेतल्या खुणेवरून सांगा. हिंदी येत असेल तर हिंदीचा आधार घ्यायला अजिबात कचरू नका, फक्त बोलणं हिंदीत सरकू देऊ नका.

## टप्पा ६: तीन दिवसांनी कोरा कागद

दुरुस्त मजकूर लगेच पुन्हा लिहायला लावला तर ती आठवणीतून उतरवते. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग दुरुस्त प्रत स्वतःकडे घ्या आणि खुणा नसलेला मूळ मजकूर तिच्यापुढे ठेवा. टप्पा १ मध्ये तो जपला तो याच्यासाठी. चुका तिनं शोधायच्या.

जी चूक तिची तिला सापडली आणि दुरुस्त करता आली, ती घाईतली घसरण. ती सोडून द्या. जी तिला दिसलीच नाही, तिथे नियम अजून रुजलेला नाही. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा फरक तपासणाऱ्याला फार उपयोगी पडतो, कारण पुढची टीप कशावर लिहायची हे त्यावरूनच ठरतं.

बाईंनी 'हा खवणी', 'खाली', 'जंग', 'नका घ्या' आणि 'पाणी लावली' या पाच जागा लगेच पकडल्या. 'नारळ खवली' पाशी थांबून ओठांतल्या ओठांत 'मैंने नारियल…' असं पुटपुटल्या आणि 'खवले' केलं. 'दिवसमध्ये' आणि 'शेजारीणच्या' मात्र डोळ्यांसमोरून तशाच निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात नव्या वस्तूवर रिव्ह्यू घ्या, जुन्यावर नको. त्यांनी रेनकोट निवडला. 'मी रेनकोट घेतला, मी चेन दोनदा लावली, आत पाणी आलं, मी कपडे परत वाळवले.' चारही क्रियापदं जिथल्या तिथे. त्याखालच्या ओळीत होतं, 'दोन तासमध्ये खांदा भिजला', आणि त्या कागदावर मी एकच टीप लिहिली: तासांमध्ये.